१० चे १०० शेअर झाले, मग डिव्हिडंड ४४० च का?

मंडईतल्या माझ्या एका गाळेवाल्या मित्राने गणपतीचा माल भरायला व्यापाऱ्याला शब्द दिला होता, "जुलैअखेर ४,४०० रुपये येतायत." हिशोब साधा होता. डिमॅटमध्ये बजाज फायनान्सचे १०० शेअर आणि शेअरमागे ४४ रुपये डिव्हिडंड जाहीर झालेला. बँकेत मात्र ४४० च आले. कोणीही फसवलेलं नाही. घोळ नोटिशीतल्या तारखांचा आहे.

आपल्या पुण्याच्याच या कंपनीने २०२५ मध्ये दोन गोष्टी एकत्र केल्या. एक म्हणजे स्प्लिट: २ रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे १ रुपयाचे दोन. दुसरं, बोनस ४:१, म्हणजे हातातल्या एका शेअरवर चार नवीन. मित्राकडे १० होते, स्प्लिटने २० झाले. बोनस या २० वर मोजायचा, म्हणून ८० आले आणि एकूण १००. नोटिशीत '४:१' वाचून "एकाचे चार झाले" असं समजू नका. चार वरचे मिळतात, मूळचा राहतोच.

दोन्हींची रेकॉर्ड डेट १६ जून होती. त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर, त्याला लाभ. आदल्या शुक्रवारी ९,३०० च्या घरात असलेला भाव सोमवारी ९३० च्या आसपास उघडला. भाव लगेच बदलतो, पण नवे शेअर खात्यात जमा व्हायला थोडे दिवस जातात. मधल्या काळात ॲपवर ९० टक्के तोटा दिसतो. तो खरा नसतो, त्यामुळे घाबरून विकू नका. स्प्लिटनंतर शेअरचा आयएसआयएन नंबरही बदलतो. स्टेटमेंटमध्ये जुना शून्य आणि नवा जमा दिसला, तर ते बरोबरच आहे.

आता डिव्हिडंड. ४४ रुपयांच्या डिव्हिडंडची रेकॉर्ड डेट ३० मे होती, म्हणजे स्प्लिटच्या आधीची. त्या दिवशी मित्राकडे १० च शेअर होते. पैसे जुलैअखेरीस आले तरी मोजणी मे महिन्यातल्या संख्येवर झाली: १० गुणिले ४४. म्हणून डिव्हिडंडची नोटीस आली की पैसे मिळायची तारीख नंतर बघा. आधी रेकॉर्ड डेट शोधा आणि त्या दिवशी आपल्याकडे किती शेअर होते ते लिहून ठेवा.

हे पैसे डिमॅटमध्ये येत नाहीत, डिमॅटला जोडलेल्या बँक खात्यात येतात. दुकानाचं जुनं करंट खातं बंद केलं आणि डिमॅटमध्ये बदललं नाही, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांचं असतं. मग रक्कम अडकते. आधी ब्रोकरकडे खातं बदला, मग कंपनीच्या रजिस्ट्रारकडे मागणी करा. बजाज फायनान्ससाठी तो केफिन टेक्नॉलॉजीज आहे. सात वर्षं कोणी मागितली नाही, तर रक्कम सरकारच्या आयईपीएफ निधीत जाते. तिथूनही परत मिळते, पण खेटे वाढतात.