ब्रॉडकास्ट टाकलं म्हणजे पोचलं?

दिवाळीच्या आठवड्यात गोंदियाच्या बाजारात एक संवाद दरवर्षी ऐकू येतो. गोरेलाल चौकात शटर बंद, समोर आमगावहून आलेलं गिऱ्हाईक पिशवी हातात घेऊन उभं. फोन लावला की पलीकडून दुकानदार म्हणतो, "सगळ्यायले मेसेज टाकला ना जी मी!" गिऱ्हाईक म्हणतं, "मले तं नाही आला." खोटं दोघंही बोलत नसतात. मेसेज गेलेला असतो आणि आलेला नसतो.

गैरसमज एवढाच आहे की व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली, तीत बिलबुकातले सगळे नंबर घातले आणि बाण दाबला की निरोप सगळ्यांना मिळतो. वस्तुस्थिती अशी की तो फक्त त्यांनाच मिळतो, ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे. तुम्ही त्यांचा साठवून भागत नाही. माझ्या शब्दावर विश्वास नसेल (बहुतेक दुकानदारांचा नसतो), तर व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या मदतपानावर हीच अट स्पष्ट लिहिलेली आहे. न मागितलेल्या जाहिरातींचा मारा रोखायला ही अट कामी येते. तिचा फटका मात्र सरळमार्गी कापड दुकानदारालाही बसतो.

आता हिशेब करून पाहू. समजा, दुकानाकडे चारशे गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. एका लिस्टमध्ये २५६ च बसतात, म्हणून दोन लिस्ट झाल्या. मेसेज दोन्हींवर गेला आणि फोनने कसलीही तक्रार केली नाही. इथेच घात होतो, कारण ज्यांना निरोप मिळणारच नाही त्यांची नावं फोन आपणहून सांगत नाही. ती शोधावी लागतात. ब्रॉडकास्टमधला तो मेसेज बोटाने दाबून धरा आणि माहितीचं चिन्ह उघडा. कुणापर्यंत पोचला आणि कुणी वाचला, याच्या याद्या तिथे दिसतात. चारशेपैकी दीडशेच नावं पोचलेल्यांत असली, तर उरलेल्या अडीचशे जणांसाठी तुमची दिवाळीची वेळ बदललेलीच नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "त्यायचा फोन बंद असंल." असू शकतो. सालेकसा-देवरीकडच्या काही गावांत नेटवर्क दिवसभर रुसून बसतं, हेही खरं. पण फरक ओळखता येतो. त्या माणसाची स्वतंत्र चॅट उघडा. ब्रॉडकास्टची प्रत तिथे भोंग्याच्या छोट्या चिन्हासह आणि एका टिकसह पडलेली दिसेल. तिच्याखाली साधा मेसेज टाका, 'नमस्कार, दुकानातून बोलतोय.' त्याला दोन टिक आल्या आणि वरच्या प्रतीला एकच राहिली, तर फोन चालू आहे, तुमचा नंबर साठवलेला नाही. दोन्हींना एकेकच टिक असेल, तर फोन किंवा इंटरनेट बंद असेल. कदाचित त्यांनी तुम्हाला ब्लॉकही केलं असेल.

"पण त्यायनं तर मले हाय पाठवलं होतं!" पाठवलं असेल. काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून हाय पाठवल्याने चॅट सुरू होते, नंबर साठवला जात नाही. त्या माणसाने वेगळं बटण दाबून, दुकानाचं नाव लिहून तो सेव्ह करावा लागतो. म्हणून हे काम बिल करतानाच उरकावं, धनत्रयोदशीच्या गर्दीत नव्हे, आधीच्या महिन्यात. दुकानाचं संपर्ककार्ड गिऱ्हाइकाला पाठवायचं आणि समोरच सेव्ह करायला सांगायचं, तेही 'मेसेज पाठवलेले चालतील ना' एवढं विचारून. न विचारता लिस्टमध्ये घातलेली माणसं ब्लॉक आणि रिपोर्ट करतात, आणि फार तक्रारी झाल्या तर खातंच बंद होतं. ज्यांनी सेव्ह केलेलं नाही त्यांच्यातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना एकेकटा मेसेज करावा. त्याला ही अट नाही.

दुसरा घोटाळा मजकुरातला. २०२५ सालची दिवाळी आठवा. अमावस्या २० ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि २१ च्या सायंकाळी संपली. आपल्याकडच्या पंचांगांनी लक्ष्मीपूजन मंगळवारी, २१ ला दिलं, तर मध्य प्रदेशात बहुतेक ठिकाणी दिवाळी सोमवारी, २० लाच झाली. गोंदियाच्या बाजारात बालाघाटकडचं गिऱ्हाईक काही थोडंथोडकं नाही. अशा वेळी 'लक्ष्मीपूजनाला दुकान पाचपर्यंत' असं लिहिलं, तर एकाच वाक्याचे दोन दिवस होतात. 'आज' आणि 'उद्या' हे शब्द तर टाळाच. न पोचलेला मेसेज व्हॉट्सॲप तीस दिवसांपर्यंत राखून ठेवतं आणि फोन सुरू झाला की पोचवतं. पाडव्याला नेट चालू करणाऱ्याला 'आज रात्री अकरापर्यंत उघडं' हे सोमवारचं वाक्य पाडव्याचंच वाटणार. त्यापेक्षा असं लिहावं:

सोमवार २० ऑक्टोबर : सकाळी ९ ते रात्री ११
मंगळवार २१ ऑक्टोबर (लक्ष्मीपूजन) : सकाळी ९ ते सायंकाळी ५
बुधवार २२ ऑक्टोबर (पाडवा) : बंद
गुरुवार २३ ऑक्टोबर (भाऊबीज) : दुपारी १२ ते रात्री ९
शुक्रवार २४ ऑक्टोबरपासून नेहमीप्रमाणे

शेवटची ओळ लोक हटकून विसरतात. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते, प्रत्येक गावची वेगळ्या दिवशी. नोकर रजेवर आणि मालक मंडईत, असा दिवस ठरलेला असेल तर तोही तारखेसकट यातच यावा. वेळ पुन्हा बदलली, तर फक्त बदललेली ओळ पाठवू नका. 'आधीचा निरोप रद्द' असं वर लिहून पूर्ण तक्ता परत पाठवा.

बाकीचे समज किरकोळ आहेत, पण चिवट आहेत. 'ग्रुप केला की झालं' म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावं की ग्रुपमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर इतर सगळ्यांना दिसतो, आणि बायाबापड्यांना ते मुळीच नको असतं. स्टेटस चोवीस तासांत नाहीसं होतं, आणि नंबर सेव्ह असण्याची अट तिथेही सुटत नाही. बिझनेस ॲपमधला 'बाहेर असल्याचा' आपोआप जाणारा निरोप फक्त आधी मेसेज करणाऱ्याला मिळतो, आणि प्रोफाइलवरची वेळ बदलल्याने कुणाच्याही फोनवर काही वाजत नाही. गुगल मॅपवरची वेळ ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. सणासाठीची विशेष वेळ तिथे जाऊन स्वतंत्र भरावी लागते, नाहीतर मॅप बंद दुकानाकडे लोकांना खुशाल पाठवत राहतो. हजारो नंबरांवर एका दमात मेसेज सोडणारी 'जीबी'सारखी नकली ॲप कुणी सुचवली, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्यांच्यापायी मूळ खातं बंद होऊ शकतं, आणि ते ऐन दिवाळीत झालं तर दाद मागायला सवड नसते.

आणि हो, 'रात्री अकरापर्यंत लिहिलं तर नगर परिषद दंड करंल' ही भीती. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा दुकान चोवीस तास उघडं ठेवायला आडवा येत नाही. दारूविक्रीची ठिकाणं वगळून हे लागू आहे, असा खुलासा शासनाने १ ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयात केला आहे. फक्त प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी द्यावीच लागते, दिवाळीच्या आठवड्यातसुद्धा.