नवे क्लेम सॉफ्टवेअर: ११ ते १४ डिसेंबरच्या बदलाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्लेम विभागातील सर्व सहकाऱ्यांसाठी

आपले आरोग्य विम्याचे सगळे क्लेम सोमवार, १४ डिसेंबर २०२६ रोजी सकाळी ८ पासून नव्या सॉफ्टवेअरवर चालतील. जुनी सिस्टीम शुक्रवार, ११ डिसेंबरला रात्री ८ वाजता नव्या नोंदींसाठी बंद होईल. मधल्या साठ तासांत माहिती इकडून तिकडे नेली जाईल आणि तिची पडताळणी होईल. परिपत्रक निघाल्यापासून विभागात बऱ्याच गोष्टी कानावर येत आहेत. त्यातल्या काही खऱ्या नाहीत आणि त्यांच्या भरवशावर काम केले तर दवाखान्यात झोपलेल्या माणसाचे नुकसान होईल, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गैरसमज: "शुक्रवारी रात्रीपासून सोमवारपर्यंत कॅशलेस बंद राहील. सिस्टीमच बंद म्हटल्यावर उशिराची सवलत मिळेलच."

कॅशलेस एक तासही बंद राहणार नाही आणि उशिराची सवलत कुठेही नाही. आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या आरोग्य विमा परिपत्रकानुसार, कॅशलेसची विनंती आल्यापासून तासाभरात निर्णय द्यावा लागतो आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी दवाखान्याची विनंती आल्यापासून तीन तासांत जावी लागते. तीन तासांपुढे गेल्यामुळे दवाखान्याने जादा आकार लावला, तर तो कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचा असतो. सॉफ्टवेअर बदलत होतो, हे कारण त्यात बसत नाही.

म्हणून त्या साठ तासांत कॅशलेस डेस्क तिन्ही पाळ्यांत नेहमीप्रमाणे चालेल. फक्त नोंद कागदी रजिस्टरमध्ये होईल. शुक्रवारी रात्री ८ वाजता प्रत्येक चालू पॉलिसीची शिल्लक विमा रक्कम दाखवणारी यादी काढली जाईल आणि डॉक्टर तिच्यावरून मंजुरी देतील.

इथे एका गोष्टीकडे फार लक्ष द्यावे लागेल. ही यादी छापलेली आहे, ती आपोआप कमी होत नाही. फ्लोटर पॉलिसीत शनिवारी वडील दाखल झाले आणि रविवारी मुलगी, तर दोघांसाठी तीच जुनी शिल्लक दिसेल आणि विमा रकमेपेक्षा जास्त मंजुरी जाईल. तेव्हा मंजुरी देण्यापूर्वी रजिस्टरच्या मागच्या पानांवर तोच पॉलिसी क्रमांक आला आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. रजिस्टरला त्यासाठी वेगळा रकाना केला आहे. पाहिले म्हणून त्यात सही करायची.

सोमवारी या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवताना 'विनंती मिळाल्याची वेळ' हा रकाना हाताने भरायचा आहे. तो मोकळा सोडला तर सॉफ्टवेअर तुमची टायपिंगची वेळ घेते. मग शनिवारी दुपारची विनंती सोमवारी सकाळी आल्यासारखी दिसते आणि झालेला उशीर अहवालातून गायब होतो. उशीर झाला असेल तर तो दिसलाच पाहिजे, नाहीतर तो कशामुळे झाला हे आपल्याला कधीच कळणार नाही.

गैरसमज: "जुने क्लेम जुन्या सिस्टीममध्ये, नवे नव्यात."

हा सगळ्यात पसरलेला समज आहे आणि आधीच्या एका बदलाच्या वेळी तसे केलेही होते. या वेळी तसे नाही. शुक्रवारी रात्री ८ वाजता जो क्लेम उघडा आहे, तो नव्या सॉफ्टवेअरमध्ये जाईल. मग त्याची पहिली सूचना कालची असो वा तीन महिन्यांपूर्वीची. बंद झालेले क्लेम जुन्या सिस्टीममध्ये वाचण्यापुरते राहतील. मात्र त्यांच्यापोटी दिलेली रक्कम पॉलिसीच्या हिशेबात नव्याकडे येईल, कारण तिच्याशिवाय शिल्लक बरोबर निघतच नाही.

एक उदाहरण घेऊ. पाच लाखांची फ्लोटर पॉलिसी आहे. ऑगस्टमध्ये पत्नीच्या आजारपणाचे १,४०,००० रुपये दिले आणि तो क्लेम बंद झाला. गुरुवार, १० डिसेंबरला पती पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले आणि जुन्या सिस्टीममधून ६०,००० रुपयांची पहिली मंजुरी गेली. ही रक्कम त्या पॉलिसीत राखून ठेवली जाते. म्हणजे शिल्लक उरली ३,००,०००. सोमवारी नवी सिस्टीम उघडल्यावर हाच आकडा दिसला पाहिजे.

४,४०,००० दिसले, तर ऑगस्टचा बंद क्लेम हिशेबात आलेला नाही. २,४०,००० दिसले, तर राखीव ६०,००० दोनदा वजा झाले आहेत; एकदा जुन्या सिस्टीमने वजा करून शिल्लक पाठवली आणि नव्याने पुन्हा वजा केले. ओळखायची रीत सोपी आहे. जुन्या सिस्टीममध्ये दिसणारी दिलेली रक्कम, राखीव रक्कम आणि नव्यातली शिल्लक या तिन्हींची बेरीज विमा रकमेइतकी आली पाहिजे. बोनस जमा असेल तर तो विमा रकमेत धरायचा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मंजुरीपूर्वी ही बेरीज करा. जुळली नाही तर क्लेम अडवून न ठेवता सुपरवायझरला लगेच सांगा. तो जुन्या सिस्टीममध्ये पाहून आकडा पक्का करून देईल. तीन तासांचे घड्याळ तेवढ्या वेळातही चालूच असते.

क्लेम क्रमांक बदलतील. जुना क्रमांक नव्या नोंदीत जपलेला आहे आणि दोन्हींवरून शोधता येते. दवाखान्याच्या बिलावर, ग्राहकाच्या हातातल्या पत्रावर, विमा लोकपालांकडे गेलेल्या तक्रारीवर जुनाच क्रमांक असणार. "हा नंबर आमच्याकडे नाही" असे उत्तर फोनवर कोणीही देऊ नये. जोडलेली कागदपत्रेही सोबत येत आहेत. एखादे उघडत नसेल तर ते आधी जुन्या सिस्टीममध्ये शोधायचे, ग्राहकाकडे दुसऱ्यांदा मागायचे नाही.

गैरसमज: "आता क्लेम मंजूर-नामंजूर सॉफ्टवेअरच करणार."

नामंजुरीचा अधिकार सॉफ्टवेअरला नाही, आणि एकट्या तुम्हा-आम्हालाही नाही. त्याच २०२४ च्या परिपत्रकानुसार, कंपनीची प्रॉडक्ट मॅनेजमेंट समिती किंवा तिची तीन सदस्यांची क्लेम रिव्ह्यू समिती यांच्या संमतीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये 'नामंजूर' हे बटण तपासणाऱ्याला दिसणारच नाही. तिथे 'समितीकडे पाठवा' असेल आणि कारण पॉलिसीच्या नेमक्या कलमासह लिहावे लागेल.

सॉफ्टवेअर करते ते गणित. पण गणिताला आपण काय पुरवतो, यावर सगळे अवलंबून आहे. वरचेच उदाहरण पुढे नेऊ. सोमवारी सकाळी १०:२० ला दवाखान्याने अंतिम बिल पाठवले: १,१२,००० रुपये. मंजुरी १:२० च्या आत गेली पाहिजे. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० आहे. रुग्णाने ७,००० ची खोली घेतली. बिलात चार दिवसांचे खोलीभाडे २८,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटरचे ५६,०००, औषधे आणि वापराचे साहित्य १८,०००, तपासण्या १०,०००.

महागडी खोली घेतल्यावर खोलीभाड्याशी निगडित खर्च त्याच प्रमाणात, इथे पाच-सप्तमांश, दिला जातो. पण २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधे, वापराचे साहित्य, इम्प्लांट, उपकरणे आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. तेव्हा खोलीभाड्याचे २०,०००, सर्जन-थिएटरचे ४०,०००, औषधांचे १८,००० आणि तपासण्यांचे १०,००० पूर्ण, असे मिळून ८८,००० रुपये देय होतात. (समजायला सोपे जावे म्हणून न मिळणाऱ्या किरकोळ बाबी इथे धरलेल्या नाहीत.)

आता घाईत कोणी औषधे आणि तपासण्यांचे २८,००० रुपये 'इतर' या शीर्षाखाली भरले, तर सॉफ्टवेअर त्यांनाही पाच-सप्तमांश लावते. देय रक्कम ८०,००० निघते. पडद्यावर कुठेही लाल खूण येत नाही, बेरीज बरोबर दिसते आणि डिस्चार्जच्या काउंटरवर त्या कुटुंबाला ८,००० रुपये नाहक भरावे लागतात. जुन्या सिस्टीममध्ये ही कपात अनुभवी माणसे कागदावर करत होती, म्हणून चूक सापडत होती. नव्यात ती शीर्षाच्या निवडीत लपते. 'इतर' वापरायची वेळ आली तर एकदा थांबून दवाखान्याच्या मूळ बिलाकडे पाहा. संपूर्ण बिलाला एकाच प्रमाणात कात्री लागलेली दिसली, तर शीर्षे चुकली आहेत असेच समजा.

गैरसमज: "ट्रेनिंग म्हणजे दोन तास स्लाइड पाहणे. नंतर व्हिडिओ बघून घेऊ."

प्रशिक्षण प्रत्यक्ष पडद्यावर आहे. बंद झालेले खरे क्लेम, रुग्णांची नावे आणि ओळख काढून, सरावासाठी ठेवले आहेत. त्यांचे बरोबर उत्तर आपल्याला माहीत असल्यामुळे आपले कुठे चुकते ते लगेच दिसते. व्हिडिओ नंतर मिळेल, पण त्यावरून लॉगिन मिळणार नाही. सराव पूर्ण झाल्यावरच १४ तारखेचे लॉगिन सुरू होईल.

कॅशलेस डेस्क आणि नोंदणीचे सत्र सोमवार-मंगळवार, ३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबरला आहे. वैद्यकीय तपासणी आणि बिल तपासणीचे बुधवार-गुरुवार, २ आणि ३ डिसेंबरला. कपातीचा वरचा हिशेब तिथे वेगवेगळ्या बिलांवर करून घेतला जाईल. पेमेंट आणि लेखा विभागाचे शुक्रवार, ४ डिसेंबरला. शनिवार, ५ डिसेंबरला सगळ्यांची मिळून रंगीत तालीम, आणि त्यात कागदी रजिस्टरचाही सराव आहे. रात्रपाळीच्या लोकांना त्या दिवसांत रात्रपाळी लावलेली नाही. कोणाला लागली असेल तर आजच सांगा. बदलानंतरची शंका-सत्रे १६ आणि १८ डिसेंबरला दुपारी ३ वाजता आहेत.

गैरसमज: "काहीही झाले तरी सोमवारी नवीनच सुरू करणार."

तसे नाही. रविवारी संध्याकाळी ६ वाजता निर्णय होईल. उघड्या क्लेमची संख्या, त्यांच्यासाठी धरलेली एकूण तरतूद आणि एकूण राखीव रक्कम हे तिन्ही आकडे दोन्ही सिस्टीममध्ये जुळले पाहिजेत. नुसती संख्या जुळणे पुरेसे नाही, कारण क्लेम आला पण त्याची रक्कम शून्य आली, असे होऊ शकते. आकडे जुळले नाहीत तर सोमवारी जुनी सिस्टीम पुन्हा उघडेल आणि रजिस्टरमधल्या नोंदी तिच्यात चढतील. डिसेंबरचा दुसरा शनिवार निवडला तो याचसाठी: तिमाहीअखेरीला अजून अवकाश आहे आणि गरज पडल्यास पुढचा शनिवार-रविवार हाताशी आहे.

तुमच्याकडून एक काम हवे आहे. तुमच्या नावावरच्या ज्या क्लेममध्ये क्वेरीला उत्तर आले आहे पण नोंद झालेली नाही, ते बुधवार, ९ डिसेंबरला संध्याकाळी ५ पर्यंत जुन्या सिस्टीममध्ये अद्ययावत करा. मेलबॉक्समध्ये पडलेले उत्तर कोणतेही सॉफ्टवेअर नव्याकडे नेऊ शकत नाही, आणि भरपाईच्या क्लेमचे पंधरा दिवस त्या रुग्णासाठी चालूच राहतात.