पिवळ्या रंगाचे गणित

लिव्हरच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला की त्यात ‘अल्कलाइन फॉस्फटेज’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे एक आकडा, समजा 180 युनिट प्रति लिटर. हे युनिट वजनाचे नाही. या एन्झाइमचे सीरममधले वजन कुणी करत नाही. ते किती वेगाने काम करते हे मोजतात. एका मिनिटात एक मायक्रोमोल पदार्थाचे रूपांतर करणारे एन्झाइम म्हणजे एक युनिट. आता हे काम डोळ्यांना दिसायचे कसे, हा प्रश्न उरतो.

अल्कलाइन फॉस्फटेजचे काम म्हणजे एखाद्या रेणूला चिकटलेला फॉस्फेट तोडून काढणे. त्याला पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट हा पदार्थ दिला, तर फॉस्फेट तुटतो आणि पॅरा-नायट्रोफेनॉल मोकळा होतो. दिलेल्या पदार्थाला रंग नाही आणि मोकळा झालेला पदार्थ अल्कलीत झगझगीत पिवळा दिसतो. जितका फॉस्फेट तुटला तितकाच पिवळेपणा वाढला. न्यूयॉर्कमध्ये बेसी, लाउरी आणि ब्रॉक यांनी 1946 साली याच रसायनावर अशी पद्धत बसवली, की तिला पाच घनमिलिमीटर सीरम पुरत असे. म्हणजे बोटाला सुई टोचून काढलेल्या रक्तात काम भागायचे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हीच पद्धत थोड्या मोठ्या मापाने करता येते. डायइथेनॉलअमीनचा 9.8 पीएचचा बफर घ्यायचा, त्यात थोडे मॅग्नेशियम क्लोराइड आणि पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट विरघळवायचे. या मिश्रणाचे 0.98 मिलिलिटर परीक्षानळीत घेऊन नळी 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवायची. आतले द्रावण 37 अंशांवर आले की 0.02 मिलिलिटर सीरम टाकायचे आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू करायचे. बरोबर दहा मिनिटांनी एक नॉर्मल कॉस्टिक सोड्याचे 2 मिलिलिटर द्रावण ओतून नळी हलवायची. पिवळा रंग तिथेच थांबतो. मग 405 नॅनोमीटरवर स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये शोषण वाचायचे.

अल्कलीत रमणारे एन्झाइम अल्कली टाकून कसे थांबते, असे कुणालाही वाटेल. एन्झाइमला 9.8 पीएच मानवतो. पण कॉस्टिक सोड्याने पीएच 13 च्या वर गेला की त्याच्या प्रथिनाची घडी मोडते आणि काम जागच्या जागी बंद पडते. पॅरा-नायट्रोफेनॉलचा रंग पीएच 7 च्या आसपास निम्मा उमटलेला असतो, 9.8 ला तो जवळपास पूर्ण असतो. त्यामुळे इथे कॉस्टिक सोड्याचे मुख्य काम थांबवणे हेच आहे. ॲसिड फॉस्फटेजची गोष्ट वेगळी. तिथे प्रयोग पीएच 5 च्या आसपास चालतो, नळीत रंग दिसतच नाही, आणि कॉस्टिक सोडा पडल्यावरच तो उजळतो.

आता आकड्याकडे येऊ. शोषण, घनता आणि नळीची रुंदी यांचे नाते A = εcl असे लिहितात. यातला ε म्हणजे एक्स्टिंक्शन कोइफिशंट. एक सेंटिमीटर रुंदीच्या क्यूव्हेटमध्ये दर मिलिलिटरला एक मायक्रोमोल पॅरा-नायट्रोफेनॉल असेल, तर हिशेबाने शोषण 18.5 यायला हवे. एवढे मोठे शोषण कुठलेच यंत्र नीट वाचत नाही, पण प्रमाण काढायला हा आकडा चालतो. समजा नमुन्याचे शोषण 0.268 आले आणि ब्लँकचे 0.046. निव्वळ शोषण 0.222. त्याला 18.5 ने भागले की दर मिलिलिटरला 0.012 मायक्रोमोल मिळतात.

इथेच पुष्कळांचा पाय घसरतो. वाचन घेतले ते तीन मिलिलिटर द्रावणाचे: एक मिलिलिटर मूळ मिश्रण आणि दोन मिलिलिटर कॉस्टिक सोडा. म्हणून 0.012 ला 3 ने गुणायचे, 0.036 मायक्रोमोल. हे दहा मिनिटांत बनले, म्हणजे मिनिटाला 0.0036. ते 0.02 मिलिलिटर सीरमने बनवले, म्हणून 0.02 ने भागायचे: मिलिलिटरला 0.18 युनिट, अर्थात लिटरला 180. कॉस्टिक सोड्याचे दोन मिलिलिटर विसरले तर हेच उत्तर 60 येते, आणि कागदावर ते अगदी नीट उत्तर दिसते.

कोइफिशंट कुठला घेतला हेही लिहून ठेवायला हवे. पुस्तकांत 18.0 पासून 18.8 पर्यंतचे आकडे सापडतात. 18.0 घेतला तर वरचेच उत्तर 185 होते. हा फरक लहान आहे, पण दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवले की तो दिसतो.

माझ्या मते या पद्धतीत सर्वांत जास्त काळजी ब्लँकची घ्यावी. अल्कलाइन फॉस्फटेज बऱ्याचदा कावीळ झालेल्या माणसाचे बघायचे असते आणि काविळीचे सीरम बिलिरुबिनमुळे आधीच पिवळे असते. हा पिवळेपणाही 405 ला प्रकाश शोषतो. नुसत्या बफरचा ब्लँक वजा केला तर बिलिरुबिनचा रंग एन्झाइमच्या खात्यात जमा होतो. उपाय सोपा आहे. ब्लँकच्या नळीत आधी कॉस्टिक सोडा टाकायचा आणि मग त्याच माणसाचे तेवढेच सीरम. एन्झाइमला कामाची संधी मिळत नाही, पण सीरमचा रंग वाचनात येतो. बेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची युक्ती आणखी सुबक होती. वाचन झाल्यावर ते द्रावणात हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकत. पॅरा-नायट्रोफेनॉलचा पिवळा रंग ॲसिडमध्ये मावळतो, आणि जे शोषण उरते ते सीरमचे असे धरून वजा करता येते.

दहा मिनिटेच का, याचे उत्तर नळ्याच देतात. एकाच सीरमच्या तीन नळ्या पाच, दहा आणि वीस मिनिटांनी थांबवल्या, तर निव्वळ शोषण 0.111, 0.222, 0.444 असे चढायला हवे. वीस मिनिटांना 0.38 च आले तर वेग मंदावला आहे आणि तो वेळ हिशेबाला चालणार नाही. शोषण दीडच्या वर गेले तर सीरम सलाइनने पातळ करून प्रयोग पुन्हा करावा. त्यासाठी फॉस्फेट बफर मात्र वापरू नये, कारण फॉस्फेटच या एन्झाइमला अडवतो.

पॅथॉलॉजी लॅबमधली आजची यंत्रे कॉस्टिक सोडा टाकतच नाहीत. 405 ला मिनिटामिनिटाला शोषण किती वाढते ते थेट वाचतात. त्यांत बहुधा दुसरा बफर असतो, अमिनो-मिथाइल-प्रोपेनॉल. त्यात तेच सीरम खूपच कमी, अनेकदा निम्म्याच्या आसपास आकडा दाखवते. म्हणून रिपोर्टमधला आकडा त्याच रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेशीच ताडून बघायचा. वाढत्या मुलांची हाडे हे एन्झाइम भरपूर बनवतात, त्यांची मर्यादा वेगळी असते.

एक चूक मात्र कुठल्याही गणिताने सापडत नाही. सीबीसीच्या जांभळ्या टोपीच्या नळीत पोटॅशियम ईडीटीए असते. त्या नळीतले रक्त चुकून या तपासणीच्या नळीत मिसळले, तर ईडीटीए एन्झाइमला लागणारे झिंक आणि मॅग्नेशियम ओढून घेते आणि आकडा खाली कोसळतो. तेच ईडीटीए कॅल्शियमलाही बांधते, आणि त्याचे स्वतःचे पोटॅशियम नमुन्यात उतरते. फॉस्फटेज फार कमी, कॅल्शियम फार कमी आणि पोटॅशियम भलतेच जास्त असे तिन्ही एकाच रिपोर्टमध्ये दिसले, की जाणता तंत्रज्ञ आधी रक्त पुन्हा मागवतो.