पेटंट परवाना : करार संपण्याचा दिवस आधी पाहावा
(लघुउद्योग आणि बौद्धिक संपदा : लेखांक ६)

पेटंटची मालकी स्वतःकडे ठेवून पेटंटधारक ठरलेल्या मोबदल्यात दुसऱ्याला शोध वापरण्याची जी मुभा देतो, तिला पेटंट परवाना म्हणतात. पेटंट अधिनियम, १९७० नुसार हा करार लेखीच असावा लागतो आणि त्याची नोंद पेटंट कार्यालयात करून घ्यावी लागते. अशा करारातील अनन्यता, रॉयल्टी, सुधारणा आणि समाप्ती ही चार कलमे वेगवेगळी लिहिली जात असली, तरी पहिल्या तिन्हींचा खरा कस चौथ्या कलमाची वेळ आल्यावर लागतो. उदाहरणासाठी शेतीपंप बनवणारा एक लहान कारखाना कल्पिला, तर त्याने पंपाच्या दांड्यावर बसणाऱ्या, गळती रोखणाऱ्या पेटंटप्राप्त सीलचा परवाना २०२६ मध्ये घेतला असून पेटंटचा अर्ज २०१६ चा आहे, असे मानता येईल. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असल्याने कारखानदाराच्या हाती जेमतेम दहा वर्षे उरतात.

अनन्य परवाना म्हणजे परवानाधारकाखेरीज इतर सर्वांना, अगदी पेटंटधारकालाही, त्या हक्काच्या वापरातून वगळणारा परवाना होय. नक्कल करणाऱ्यावर स्वतः दावा लावण्याचा अधिकारही कायदा अशा परवानाधारकाला देतो. मात्र ही अनन्यता सर्व प्रकारच्या पंपांसाठी मागितल्यास तिची किंमत वाढते, म्हणून ज्या कारखान्यात केवळ शेतीपंप तयार होतात, त्याने तेवढ्याच क्षेत्रापुरती ती घ्यावी आणि रसायन उद्योगातील पंपांचे क्षेत्र पेटंटधारकाला मोकळे सोडावे, हे दोघांच्याही हिताचे ठरते.

रॉयल्टीत टक्का किती, यापेक्षा तो कशावर आकारायचा, हा प्रश्न मोठा असतो. पंपाची किंमत १०,००० रुपये आणि त्यातील सीलची ५०० रुपये धरली, तर पंपाच्या किमतीवर ४ टक्के म्हणजे ४०० रुपये होतात, म्हणजेच मोटार आणि ओतकाम यांचा शोधाशी संबंध नसतानाही त्यांच्यावर रॉयल्टी भरावी लागते. उलट सीलच्या किमतीवर ८ टक्के आकारल्यास ती ४० रुपये होते आणि दर पंपामागे ठरावीक रक्कम लिहिल्यास हिशेबतपासणीही सोपी होते. अनन्यता दिल्यावर पेटंटधारकाचे उत्पन्न एकाच कारखान्यावर अवलंबून राहते, म्हणून तो किमान वार्षिक रॉयल्टी मागतो. ती दुसऱ्या वर्षापासून २,००० पंपांइतकी, म्हणजे ८०,००० रुपये ठरली आणि विक्री १,४०० पंपांचीच झाली, तर ५६,००० रुपये देय होऊन २४,००० रुपयांची तूट राहते. ही तूट भरून अनन्यता टिकवावी किंवा ती सोडून साधा परवाना चालू ठेवावा, असा पर्याय करारात नसेल, तर एका मंद हंगामामुळे संपूर्ण परवानाच रद्द होण्याची वेळ येते.

सुधारणांचे कलम बहुधा घाईत वाचले जाते. वाळूमिश्रित पाण्यात सील लवकर झिजते, असे दिसल्यावर कारखान्याने त्याच्या घर्षणपृष्ठाचे द्रव्य बदलून त्याचे आयुष्य वाढवले, तर त्या सुधारणेचे अनन्य हक्क पेटंटधारकाकडेच परत द्यावेत, ही अट अधिनियमाच्या कलम १४० नुसार बेकायदेशीर व शून्य ठरते. पेटंटच्या वैधतेला परवानाधारकाने आव्हान देऊ नये, या अटीचीही तीच गत होते. पेटंटधारकाला सुधारणेचा अनन्य नसलेला परवाना मात्र देता येतो आणि त्याच्या बदल्यात रॉयल्टीत सवलत मागता येते. तथापि सुधारित सीलमध्ये मूळ शोध अंतर्भूत असल्याने मूळ परवाना संपताच कारखान्याला स्वतःची सुधारणाही वापरता येत नाही. म्हणून सुधारणेचा पेटंट-अर्ज ती ग्राहकांना दाखवण्याआधीच करावा आणि कारखान्याची कसूर नसताना परवाना रद्द झाल्यास पेटंटधारकाला मिळालेला सुधारणेचा वापरही थांबेल, असे कलम घालावे.

समाप्तीच्या कलमात कसूर दुरुस्त करण्यासाठी लेखी नोटिशीनंतर साठ दिवसांसारखी निश्चित मुदत, तयार माल रॉयल्टी भरून विकण्याची सवलत आणि विकलेल्या पंपांना सुटे सील पुरवण्याची मुभा असावी. नूतनीकरण शुल्क न भरल्यास पेटंट मुदतीआधीच संपुष्टात येते, त्यामुळे पेटंटधारकाने त्याची पावती दरवर्षी दाखवणे बंधनकारक करावे. करार करताना ज्या पेटंटांचे संरक्षण होते, ती सर्व संपल्यावर कलम १४१ नुसार, करारात काहीही लिहिलेले असले तरी, परवानाधारक तीन महिन्यांची नोटीस देऊन करार संपवू शकतो. ही समाप्ती आपोआप होत नाही. २०३६ मध्ये नोटीस देण्यास विसरलेल्या कारखान्याकडे, कोणालाही फुकट वापरता येणाऱ्या शोधासाठी, जुन्या कराराच्या आधारे रॉयल्टी मागितली जाऊ शकते.