तक्त्यातली गडबड

"मॅडम, उत्तर तर बरोबर येतंय. ३च येतंय." प्रॅक्टिकलच्या तासाला एक मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आली. उत्तर ३ होतं आणि ते बरोबरही होतं. मी म्हटलं, "तक्ता छापून दाखव." तिनं प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली आणि स्क्रीनवर हे आलं:

```
[0, 1, 2, 2, 3]
[0, 1, 2, 2, 3]
[0, 1, 2, 2, 3]
[0, 1, 2, 2, 3]
[0, 1, 2, 2, 3]
```

पाचही ओळी अगदी एकसारख्या. यात काय बिघडलंय हे कळायला तो तक्ता आधी हातानं भरून पाहावा लागतो. कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर दहा मिनिटांचं काम आहे.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या मुलांना हमखास मिळणारी ही असाइनमेंट. नाव लांबलचक, लाँगेस्ट कॉमन सबसिक्वेन्स, म्हणून सगळे एलसीएस म्हणतात. दोन शब्द दिलेले असतात. दोन्हींतली काही अक्षरं गाळायची, पण उरलेल्यांचा क्रम बदलायचा नाही. असं करून दोन्हीकडे एकच अक्षरमाळ उरली पाहिजे, आणि ती जास्तीत जास्त लांब हवी. 'करवत' आणि 'कसरत' घ्या. पहिल्यातून व गाळला, दुसऱ्यातून स गाळला, की दोन्हीकडे 'करत' उरतं. अक्षरं शेजारीशेजारी असण्याची अट नाही, फक्त क्रम तोच हवा.

आम्ही वर्गात 'गडबड' आणि 'बडबड' हे शब्द घेतो. काना-मात्रा नसलेले शब्द मुद्दाम निवडलेत. संगणकाच्या लेखी मात्रा हे वेगळंच अक्षर असतं. 'मराठी' शब्दाची लांबी पायथॉनला विचारली तर तो ३ नाही, ५ सांगतो: म, र, आकाराचा काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. सुरुवातीलाच ते लफडं नको.

नजरेनं पाहिलं तर उत्तर लगेच दिसतं, 'डबड'. पण संगणकाला नजर नसते, त्याला रीत सांगावी लागते. मुलांना पहिल्यांदा सुचते ती रीत अशी: 'बडबड'मधलं एकेक अक्षर घ्यायचं आणि 'गडबड'मध्ये पुढे पुढे शोधत जायचं. पहिला ब. तो 'गडबड'मध्ये थेट तिसऱ्या जागी सापडतो. मग ड, चौथ्या जागी. आणि शब्द संपला! हाती आलं 'बड', दोनच अक्षरं. तीन मिळवायची तर तो पहिला ब सोडून द्यायला हवा होता, पण तो घेताना तसं सांगणारं काहीच समोर नव्हतं.

दुसरी रीत म्हणजे सगळ्या शक्यता तपासायच्या. प्रत्येक अक्षर ठेवायचं की गाळायचं, असे दोन पर्याय. चार अक्षरांच्या शब्दाचे १६ तुकडे होतात, तेवढे जमतील. पण शब्द ४० अक्षरांचा झाला की तुकडे एक लाख कोटींच्या वर जातात. तक्त्यात मात्र ४० गुणिले ४०, म्हणजे १६०० घरं भरली की काम होतं.

हा तक्ता सुचतो तो शेवटाकडून विचार केल्यावर. 'गडबड' आणि 'बडबड' दोन्हींच्या शेवटी ड आहे. ही जोडी बिनधास्त जुळवून टाकावी, त्यात तोटा होऊच शकत नाही. समजा एखाद्या उत्तरात यातला एकही ड वापरला नसेल, तर तो मागे जोडून उत्तर एकानं वाढेल. आणि एकाच बाजूचा वापरला असेल, तर त्याचा जोडीदार बदलून शेवटचा ड घेता येईल, लांबी तेवढीच राहील. तेव्हा उत्तर म्हणजे 'गडब' आणि 'बडब' यांचं उत्तर, अधिक १. शेवटची अक्षरं वेगळी असतील तर त्यातलं निदान एक तरी निरुपयोगी असतं. कोणतं ते माहीत नाही, म्हणून एकदा हे काढून बघायचं, एकदा ते काढून बघायचं आणि मोठं येईल ते ठेवायचं.

प्रश्न असे लहान लहान होत जातात, पण तेच तेच लहान प्रश्न वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा समोर येतात. म्हणून प्रत्येकाचं उत्तर एकदाच काढून तक्त्यात लिहून ठेवायचं. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणतात ते एवढंच. यातल्या प्रोग्रॅमिंगचा कोड लिहिण्याशी संबंध नाही, तिथं त्याचा अर्थ नियोजन. १९५०च्या दशकात हे नाव देणाऱ्या रिचर्ड बेलमननं पुढे आत्मचरित्रात लिहिलं, की गणिती संशोधनाची ॲलर्जी असलेल्या अमेरिकी संरक्षणमंत्र्यांना खटकणार नाही असा शब्द त्याला हवा होता!

आता तक्ता. डावीकडे उभा 'गडबड', वर आडवा 'बडबड'. सुरुवातीला एक ओळ आणि एक रकाना शून्यांचा, कारण एका बाजूला अक्षरच नसेल तर जुळणार काय? प्रत्येक घर एका प्रश्नाचं उत्तर असतं. उदाहरणार्थ, दुसऱ्या ड च्या ओळीतलं शेवटचं घर विचारतं: 'गड' आणि 'बडबड' यांच्यात किती जुळतं? (पहिला ग, दुसरा ड, तिसरा ब, चौथा ड अशा ओळी मोजायच्या, शून्याची ओळ सोडून.) नियम दोनच. अक्षरं जुळली तर तिरक्या, म्हणजे डावीकडच्या वरच्या घरातला आकडा अधिक १. नाही जुळली तर वरचं आणि डावीकडचं, यातलं मोठं.

पहिली ओळ ग ची. 'बडबड'मध्ये ग नाहीच, त्यामुळे सगळी शून्यं.

दुसरी ओळ ड ची. ब खाली ०. ड खाली अक्षर जुळलं, तिरक्यात ० आहे, म्हणून १. पुढच्या ब खाली जुळत नाही, वर ० आणि डावीकडे १, म्हणून १. शेवटच्या ड खाली पुन्हा जुळलं. इथं जरा थांबा. डावीकडे १ दिसतोय, त्यात एक मिळवायचा मोह होतो. पण तो १ याच ओळीतला ड वापरून आलाय. 'गड'मध्ये ड एकच, तो दोनदा कसा खर्च करणार? तिरकं घर वरच्या ओळीत असतं, तिथं हा ड अजून आलेलाच नसतो. तिथं ० आहे, म्हणून इथं १.

तिसरी ओळ ब ची. पहिल्या ब खाली ० अधिक १, म्हणजे १. ड खाली वर १, डावीकडे १, म्हणून १. दुसऱ्या ब खाली जुळलं, तिरक्यात १, म्हणून २. शेवटी वर १, डावीकडे २, म्हणून २.

चौथी ओळ पुन्हा ड ची: १, मग तिरक्या १ मुळे २, मग २, आणि शेवटच्या घरात तिरक्या २ मुळे ३.

```
        ब  ड  ब  ड
     ०  ०  ०  ०  ०
ग    ०  ०  ०  ०  ०
ड    ०  ०  १  १  १
ब    ०  १  १  २  २
ड    ०  १  २  २  ३
```

उजवीकडचा खालचा कोपरा म्हणजे उत्तर. पण ३ ही झाली नुसती लांबी, अक्षरं कोणती? त्यासाठी त्या कोपऱ्यातून उलटं चालत यायचं. ड-ड जुळतात, अक्षर टिपायचं आणि तिरकं वर जायचं. तिथं ब-ब, टिपायचं, तिरकं. मग ड-ड, टिपायचं, तिरकं, आणि आपण शून्यावर पोहोचतो. टिपलेली अक्षरं उलटी वाचायची: 'डबड'. अक्षरं जुळत नसतील त्या घरातून वर किंवा डावीकडे, जिथं मोठा आकडा असेल तिकडे सरकायचं. दोन्हीकडे सारखाच असेल तर कुठंही जा. 'मदन' आणि 'दमन' करून पाहा. एका वाटेनं 'मन' मिळतं, दुसरीनं 'दन', आणि दोन्ही बरोबर. शेजाऱ्याचं उत्तर वेगळं आलं म्हणून मुलं उगाच घाबरतात.

आता त्या मुलीच्या लॅपटॉपकडे. तिनं तक्ता असा तयार केला होता:

```python
T = [[0] * 5] * 5
```

दिसायला पाच ओळींचा तक्ता. पण पायथॉननं ओळ एकच बनवली होती आणि तिलाच पाच नावं दिली होती. एका ओळीत लिहिलं की पाचही ठिकाणी उमटणार. त्यामुळे तिरकं घर वाचायला जावं तर तिथं वरच्या ओळीतला जुना आकडा उरलेलाच नसायचा, याच ओळीत आत्ता लिहिलेला नवा आकडा सापडायचा. 'गड' आणि 'बडबड'च्या घरात तिच्या प्रोग्रॅमनं १ ऐवजी २ लिहिले होते. तोच ड, दोनदा खर्च केलेला.

मग शेवटी उत्तर बरोबर कसं आलं? योगायोगानं. पुढच्या, ब च्या ओळीत त्याच जागी खरोखरच २ यायचे होते. चुकीचा २ खऱ्या २ मध्ये मिसळून गेला आणि मागमूस राहिला नाही.

मी तिला 'ड' आणि 'डड' हे दोन शब्द देऊन चालवायला सांगितलं. उत्तर आलं २. एका अक्षराच्या शब्दात दोन अक्षरं जुळली! अशी चूक शोधायला लांब शब्दांपेक्षा हे असलं वेडगळ उदाहरण जास्त उपयोगी पडतं. तिनं तक्त्याची ओळ बदलली:

```python
T = [[0] * (n + 1) for _ in range(m + 1)]
for i in range(1, m + 1):
    for j in range(1, n + 1):
        if x[i-1] == y[j-1]:
            T[i][j] = T[i-1][j-1] + 1
        else:
            T[i][j] = max(T[i-1][j], T[i][j-1])
```

`x[i-1]` मधला उणे १ बघून पुष्कळजण बुचकळ्यात पडतात. तक्त्यात शून्याची ओळ जास्तीची आहे, शब्दात नाही. म्हणून तक्त्याची पहिली ओळ म्हणजे शब्दातलं शून्याव्या क्रमांकाचं अक्षर.

गंमत म्हणजे एकाच ओळीत सगळं भागवणं ही मुळात वाईट कल्पना नाही. नवी ओळ भरायला फक्त तिच्या वरची ओळ लागते. त्यामुळे दोन ओळींत काम होतं, आणि तिरक्यातला जुना आकडा पुसण्याआधी बाजूला जपून ठेवला तर एका ओळीतही. मोठ्या कामात याची गरज पडतेच. युनिक्सवरची `diff` ही आज्ञा दोन फायलींतला फरक दाखवते, तीही समान भाग शोधूनच. तिथं अक्षरांऐवजी अख्ख्या ओळी जुळवतात. एकेक लाख ओळींच्या दोन फायली असतील तर पूर्ण तक्ता १००० कोटी घरांचा होईल. म्हणून `diff` हा तक्ता सरळसोट भरत न बसता जुळणाऱ्या जागांवरूनच वाट काढते.

ओळी पुसत गेलं तर लांबी मिळते, पण उलटं चालायला वाट राहत नाही. १९७५ साली डॅनियल हर्शबर्गनं त्यावर तोड काढली. एक शब्द मधोमध कापायचा, वरचा अर्धा पुढून आणि खालचा अर्धा मागून भरत आणायचा, दोन्हींची बेरीज जिथं सर्वात मोठी तिथं दुसरा शब्द कापायचा, आणि दोन्ही तुकड्यांवर पुन्हा तेच. वेळ साधारण दुप्पट लागतो, पण जागा एकदोन ओळींचीच.

हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, माझी एक ओळ चालली असती?"

"चालली असती. एक व्हेरिएबल कमी पडला तुला."

तिनं दोन्ही प्रोग्रॅम जर्नलमध्ये लावले, आणि 'ड', 'डड' चं आउटपुटही.