आजोबांचे निरोप कुठे असतात?

माझी भाची शिकायला जर्मनीत, आखेनला निघाली, तेव्हा घरात सगळी धावपळ बॅगेच्या वजनाची चालली होती. तिला नवा फोन घेतला होता, तिकडे पोचल्यावर सिम नवं मिळणार होतं आणि जुना फोन धाकट्या भावाला द्यायचं ठरलं होतं. निघायच्या आठ दिवस आधी तिने मला विचारलं, "मामा, आजोबांचे व्हॉइस मेसेज नव्या नंबरवर दिसतील ना?" आजोबांना, म्हणजे अण्णांना, जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांना टाइप करणं जमायचं नाही, म्हणून ते रोज सकाळी बोलूनच निरोप पाठवायचे. कुठली गाडी पकडलीस, डबा नेलास का, पाऊस आहे का तिकडे. असे कितीतरी निरोप आणि फोटो तिच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये होते.

तिच्या प्रश्नाचं उत्तर "दिसतील" असंही होतं आणि "एकही दिसणार नाही" असंही. कोणती गोष्ट आधी करायची, एवढ्यावर ते ठरणार होतं.

या गप्पा सिमकार्डात असतात असं पुष्कळांना वाटतं. काहींना वाटतं की त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि नंबर टाकला की खाली उतरतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. 2016 पासून व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. सर्व्हरचं काम पोस्टमनचं. निरोप पोचला की तो सर्व्हरवरून पुसला जातो. समोरचा फोन बंद असेल तर जास्तीत जास्त 30 दिवस सांभाळला जातो आणि मग टाकून दिला जातो. म्हणजे अण्णांचा 2018 मधला निरोप आज कंपनीकडे नाही. तो आहे भाचीच्या फोनच्या साठवणीत.

तिथेही तो दोन तुकड्यांत असतो. कोण, कधी, काय बोललं याची सगळी वही एका फाइलमध्ये असते. अँड्रॉइड फोन रोज रात्री दोनच्या सुमारास या वहीची कुलूपबंद नक्कल काढून ठेवतो. तिचं नाव `msgstore.db.crypt15` किंवा तशाच धर्तीचं असतं. फोटो, व्हिडिओ आणि आवाज मात्र वहीत नसतात. ते शेजारच्या फोल्डरांत सुट्या फाइली म्हणून असतात आणि वहीत फक्त त्यांचा पत्ता लिहिलेला असतो. अण्णांचा एक निरोप मी भाचीला असा शोधून दाखवला: `PTT-20180716-WA0004.opus`. नावातच तारीख आहे, 16 जुलै 2018. नुसती वही नव्या फोनवर नेली आणि या फाइली मागे राहिल्या, तर गप्पांची यादी पूर्ण दिसते, पण फोटो धूसर ठिपक्यांसारखे दिसतात आणि आवाजाच्या पट्टीवर बोट ठेवलं तरी काही वाजत नाही. धूसर का होईना, फोटो दिसतो, कारण त्याचं एक चिमुकलं चित्र वहीत चिकटवलेलं असतं. मूळ फोटो तिथे नसतो.

मग नंबराचा संबंध कुठे येतो? तो कुलपाशी येतो. त्या कुलूपबंद नकलेची किल्ली खात्याशी बांधलेली असते आणि खातं ओळखलं जातं नंबरावरून. नव्या फोनवर अ‍ॅप टाकलं की ते नंबर विचारतं, त्या नंबरावर सहा आकडी कोड पाठवतं आणि कोड बरोबर आला की त्या नंबराची नक्कल शोधतं. भाचीने आखेनला उतरून नव्या फोनवर थेट जर्मन नंबर टाकला असता, तर अ‍ॅपच्या दृष्टीने ती अगदी नवी बाई ठरली असती. तिची नक्कल असणार कुठून? "काही सापडलं नाही" एवढंच पडद्यावर आलं असतं.

म्हणून मी तिला एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली. फोन आणि नंबर एकाच वेळी बदलायचे नाहीत. आधी फोन बदल, भारतातल्याच नंबरावर, नाशिकच्या घरात बसून. नंबर बदल नंतर, तिकडे पोचल्यावर, नव्या फोनवर. जुनाच फोन घेऊन तिकडे गेली असती तर हाच क्रम उलटाही चालला असता: आधी जुन्या फोनवर नंबर बदलायचा, मग नवा फोन घ्यायचा. पण जुना फोन भावाकडे राहणार होता, त्यामुळे पहिला मार्गच सोयीचा होता.

दोन्ही फोन अँड्रॉइड होते. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते शेजारी शेजारी चार्जरला लावले. भारतीय सिम नव्या फोनमध्ये घातलं, तिथे अ‍ॅप टाकलं आणि जुनाच नंबर देऊन कोडची पायरी पूर्ण केली. जुन्या फोनवर `Settings`, मग `Chats`, मग `Transfer chats` असं गेलो. नव्या फोनवर एक क्यूआर चौकट आली, ती जुन्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपली. ही सोय 2023 मध्ये आली. यात मजकूर इंटरनेटवर चढून पुन्हा उतरत नाही. दोन फोन वाय-फायने थेट एकमेकांशी जोडले जातात. वाय-फाय आणि लोकेशन दोन्हीकडे चालू ठेवावं लागतं आणि मध्येच फोन घेऊन आतल्या खोलीत जायचं नाही, एवढंच पथ्य. भाचीचा सगळा ऐवज जवळपास 14 जीबी होता. त्यात निव्वळ शब्द जेमतेम शंभरावा हिस्सा. बाकी सारे फोटो आणि लग्नातले व्हिडिओ.

गूगल ड्राइव्हवर नक्कल ठेवूनही हे करता येतं, पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली, ती नक्कल आता गूगलच्या फुकट मिळणाऱ्या 15 जीबीत मोजली जाते. मेल आणि फोटोंनी ती जागा भरली असेल तर नक्कल काढणं थांबतं आणि आपलं लक्षही जात नाही. दुसरी, व्हिडिओ त्यात घ्यायचे असतील तर ते बटण स्वतः चालू करावं लागतं. `Chat backup` मध्ये जाऊन शेवटची नक्कल कोणत्या तारखेची आणि केवढी आहे हे पाहिलं की दोन्ही गोष्टी कळतात. 14 जीबीच्या फोनची नक्कल 2 जीबी दिसत असेल, तर काहीतरी मागे राहतंय हे उघड आहे. या नकलेला स्वतःचा पासवर्ड किंवा 64 आकडी किल्ली लावता येते, 2021 पासून. लावली असेल तर ती कागदावर लिहून ठेवा. ती हरवली तर कंपनीही ती नक्कल उघडून देऊ शकत नाही.

नवा फोन आयफोन असेल तर रस्ता वेगळा आहे. गूगलवरची नक्कल आयफोनवर उतरत नाही. त्यासाठी अ‍ॅपलचं `Move to iOS` हे अ‍ॅप वापरावं लागतं आणि तेही आयफोन नवा कोरा किंवा पूर्ण पुसलेला असताना. चार दिवस वापरून झाल्यावर आठवण झाली, तर तो पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते. नंबर दोन्हीकडे तोच लागतो, ही अट तिथेही आहेच.

ऐवज नव्या फोनवर आला, पण सगळा आला का, हे वरवर पाहून कळत नाही. कालचा निरोप दिसतोय म्हणून समाधान मानू नये. आम्ही नवा फोन विमान मोडवर टाकला, म्हणजे इंटरनेटवरून काही ओढून आणायची शक्यताच उरली नाही. मग अण्णांच्या गप्पांत अगदी वर, 2018 पर्यंत गेलो आणि एक निरोप वाजवला. "छत्री घेतलीस का गं?" ताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि तिथेच उभी राहिली. आम्ही वेगवेगळ्या वर्षांतले आणखी पाच-सहा निरोप आणि दोन व्हिडिओ तसेच तपासले. त्यानंतरही जुना फोन लगेच पुसू दिला नाही.

शिवाय आवाजाच्या फाइलींचं ते फोल्डर केबलने लॅपटॉपवर उतरवून घेतलं. `.opus` फाइली व्हीएलसीसारख्या प्लेअरवर सरळ वाजतात, त्यांना कसलंही कुलूप नसतं. `Export chat` चा पर्यायही आहे, पण त्याची मर्यादा माहीत हवी. फोटोंसकट घेतलं तर शेवटचे 10,000 निरोपच निघतात, नुसता मजकूर घेतला तर 40,000. आणि ती फाइल वाचता येते, पुन्हा अ‍ॅपमध्ये घालता येत नाही.

आता माझ्या मित्राच्या मुलाची गोष्ट सांगतो, कारण त्याने नेमकी उलट वाट धरली होती. तो परदेशात उतरला, नव्या फोनवर नवा नंबर टाकला, पुढची पायरी गाळून पुढे गेला. सगळं रिकामं. जुना फोन घरी होता, पण तो विकायचा म्हणून वडिलांनी आदल्याच दिवशी पुसला होता. सुदैवाने दोन गोष्टी शिल्लक होत्या: गूगलवर चार दिवसांपूर्वीची नक्कल आणि आईच्या साध्या फोनमध्ये घातलेलं त्याचं भारतीय सिम. त्याने नव्या नंबरावर उघडलेलं रिकामं खातं बंद केलं, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, त्याच गूगल खात्याने आत आला आणि या वेळी भारतीय नंबर दिला. कोड आईच्या फोनवर आला, तिने व्हिडिओ कॉलवर सहा आकडे वाचून दाखवले. नक्कल सापडली. मधले चार दिवस गेले ते गेलेच. कोड असा वाचून दाखवणं एरवी धोक्याचंच. इथे कॉल मुलाने स्वतः केला होता आणि चेहरा समोर होता, म्हणून ठीक.

ते सिम बंद पडलं असतं तर? आपल्याकडे 90 दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्याच ग्राहकाला दिला जातो. त्या नव्या माणसाला तुमच्या जुन्या गप्पा दिसत नाहीत, त्या तुमच्या फोनवर आहेत. पण ज्या मावशीकडे अजून जुनाच नंबर आहे, तिचा पुढचा निरोप मात्र त्याच्याकडे जातो. त्यामुळे तिकडचा नंबर मिळाला की बदल रीतसर करून टाकावा.

भाचीने तो आखेनच्या वसतिगृहातून केला. `Settings`, `Account`, `Change number`. जुना नंबर लिहिला, खाली +49 ने सुरू होणारा नवा लिहिला. कोड नव्या नंबरावरच येतो, त्यामुळे भारतीय सिमवर रोमिंग लागलं नाही. कोणाला कळवायचं हे अ‍ॅप विचारतं. तिने ज्यांच्याशी गप्पा आहेत ते सगळे निवडले. दोन मिनिटांत काम झालं. गप्पा जिथल्या तिथे राहिल्या, ग्रुपही सुटले नाहीत. ताईच्या फोनवर मात्र फक्त नंबर बदलल्याची ओळ आली. त्या ओळीवर बोट ठेवून नवा नंबर जतन करावा लागतो, हे तिला कळेपर्यंत ती दोन दिवस जुन्याच नंबरावर "जेवलीस का" विचारत होती.

जुना फोन शेवटी भावाला दिलाच नाही. तो बंद करून ताईच्या कपाटात ठेवला आहे, निम्म्या चार्जवर, कारण पूर्ण रिकामी झालेली बॅटरी पडून राहिली की खराब होते. दोन-तीन महिन्यांनी ताई तो काढते, थोडा चार्ज करते आणि परत ठेवून देते.