खोली अंधारात, एमसीबी सगळे चालू

पुण्या-मुंबईच्या जुन्या सोसायट्यांमधला नेहमीचा प्रसंग. बेडरूममधले दिवे, पंखा, प्लग, सगळे एकाएकी गेले. बाकी घर व्यवस्थित चालू आहे. दाराजवळच्या डीबीचं झाकण उघडलं तर आत आठ एमसीबी एका ओळीत उभे, एकावरही खोलीचं नाव नाही, आणि आठही वर, म्हणजे चालू. आता बेडरूमचा एमसीबी कोणता, हे ओळखायचं कसं?

यासाठी सर्किट ट्रेसर नावाचं उपकरण मिळतं. त्याचे दोन भाग असतात. ट्रान्समीटर खोलीतल्या प्लगमध्ये लावायचा आणि रिसीव्हर हातात घेऊन डीबीसमोर उभं राहायचं. ट्रान्समीटर त्या लाइनमधून ठरावीक लयीत अगदी थोडा करंट ओढत राहतो. प्रत्येक एमसीबीच्या आत तांब्याची एक छोटी कॉइल असते. शॉर्ट सर्किट झालं की तीच एमसीबी पाडते. ट्रान्समीटरने ओढलेला करंट ज्या एमसीबीतून जातो, त्याच्या कॉइलभोवती त्याच लयीचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. रिसीव्हर ते पकडतो आणि बीप देतो.

अडचण लगेच लक्षात येईल. साधा, स्वस्त ट्रेसर चालतो तोच मुळी प्लगमधल्या विजेवर. बंद खोलीत त्याचा दिवाही लागत नाही. त्यामुळे बंद खोलीच्या बाबतीत पहिला प्रश्न ट्रेसर कुठे लावायचा हा नसून खोली नेमकी कशी बंद पडली आहे, हा असतो.

एमसीबी पडला असेल तर शोधायचं फारसं काही उरत नाही, कारण पडलेला खटका वेगळा दिसतो. काही एमसीबींचा खटका मात्र पूर्ण खाली न येता मध्येच अडकतो आणि वरवर पाहता चालूच वाटतो. म्हणून प्रत्येक खटक्याला बोट लावून पाहावं. ढिला लागला तर आधी पूर्ण खाली, मग वर. लगेच पुन्हा पडला तर तिथेच थांबावं. पुढे शॉर्ट आहे.

दुसरी शक्यता न्यूट्रल तुटल्याची. अशा वेळी खोलीतला एखादा स्विच चालू ठेवून टेस्टर लावला तर प्लगच्या फेजच्या भोकात तर तो लागतोच, पण न्यूट्रलच्या भोकातही लागतो. दिव्यातून पलीकडे आलेल्या विजेला परतीचा रस्ताच नसतो, म्हणून हे घडतं. खोली बंद दिसते, पण तिथे जिवंत फेज आहे, आणि हा प्रकार धोक्याचा आहे. एमसीबी ओळखण्यासाठी मात्र इथे ट्रेसर लागत नाही. एकेक एमसीबी खाली करत जायचं. ज्याने टेस्टर विझेल, तो बेडरूमचा.

तिसरी शक्यता अशी की टेस्टर कुठेच लागत नाही, म्हणजे फेजच पोहोचत नाही. खरी कसोटी इथे आहे.

समजा आपला दोन बेडरूमचा फ्लॅट याच अवस्थेत आहे. इथे स्वस्त ट्रेसर उलट्या बाजूने कामाला लावता येतो. तो चालू खोल्यांमध्ये फिरवायचा. हॉल, स्वयंपाकघर, दुसरी बेडरूम, गीझर, असा एकेक प्लग घ्यायचा आणि त्याचा एमसीबी शोधून त्यावर पेन्सिलीने लिहायचं. रिसीव्हर पहिल्या फेरीत बहुतेक वेळा दोन-तीन एमसीबींवर बीप देतो, कारण एकेक एमसीबी जेमतेम १८ मिलिमीटर रुंद असतो आणि सिग्नल शेजाऱ्यांवरही सांडतो. बऱ्याच उपकरणांमध्ये पहिली फेरी फक्त तुलनेसाठी असते. दुसऱ्या फेरीतलं उत्तर खरं मानायचं. रिसीव्हर प्रत्येक एमसीबीवर एकाच जागी, एकाच कोनात धरायचा. मग तो एमसीबी खाली करून ट्रान्समीटरचा दिवा विझतो का, हे पाहायचं. विझला की खात्री झाली. (परदेशातून आणलेला ट्रेसर ११०-१२० व्होल्टचा असेल तर अ‍ॅडॅप्टर लावून आपल्या २३० व्होल्टवर वापरू नये.)

आठांपैकी सहा अशा रीतीने सुटले. दिवे-पंख्यांच्या लाइनला प्लग नसतो. तिथे खटका खाली करून काय बंद पडतं ते पाहिलं आणि सातवाही सुटला. उरला एक, जो खाली केला तरी घरात काहीही बंद पडत नाही. संशयित सापडला. पण तो संशयितच आहे; रिकामा, कुठेच न जोडलेला एमसीबीही असाच वागेल.

इथून पुढचं काम परवानाधारक वायरमनचं आहे, कारण आता डीबीची आतली पट्टी उघडावी लागते. त्याने तपासलं तर एमसीबीच्या वरही २३० व्होल्ट, खालीही २३०. म्हणजे एमसीबी ठीक आहे, त्यातून वायर बाहेर पडते, पण वीज खोलीत पोहोचत नाही. मधे कुठेतरी तुटलं आहे.

आता बॅटरीवर चालणारा, बंद लाइनीतही सिग्नल सोडणारा महागडा ट्रेसर लागतो. त्याआधी मेन स्विच बंद, आणि इन्व्हर्टरही. इन्व्हर्टर असलेल्या घरांत त्याची वेगळी फेज टाकलेली असते. मेन बंद केल्यावरही ती जिवंत राहते आणि कधी कधी त्याच पाइपमधून जाते. मेन बंद आहे म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाला इथेच झटका बसतो.

संशयित एमसीबीची बाहेर जाणारी वायर सोडवून तिला ट्रान्समीटरची एक पिन लावली. दुसरी पिन वेगळी वायर ओढून दूरच्या अर्थिंगला. ती शेजारच्या न्यूट्रलला लावण्याची चूक फार होते. तसं केलं तर जाणारा आणि परतणारा सिग्नल शेजारीशेजारी धावतो, एकमेकांना मारतो, आणि रिसीव्हर मुका राहतो. वायर एमसीबीतून सोडवणंही तितकंच महत्त्वाचं. ती जोडलेली ठेवून एमसीबी चालू राहिला तर सिग्नल बसबारवाटे आठही लाइनींत पसरतो.

रिसीव्हर भिंतीवरून सरकवत नेला. डीबीपासून पॅसेजमध्ये, छताखालून बाथरूमच्या दारावरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत सिग्नल ठळक, पुढे एकदम मंद. एकाच पाइपमध्ये अनेक वायरी असल्या की शेजारच्या वायरीतही थोडा सिग्नल उतरतो, म्हणून तो पूर्ण शून्य होत नाही. पाहायचं असतं ते कुठे कोसळतो हे. पाइप लोखंडी असेल तर ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण लोखंड सिग्नल अडवतं. तिथे एकेक बॉक्स उघडूनच तपासावं लागतं.

बॉक्स उघडला. फेजच्या दोन वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळलेली, टेप वितळलेली, जोड काळा पडून सुटलेला. तिथूनच कुणीतरी पुढे बेडरूमच्या बाथरूममधल्या गीझरलाही फाटा दिला होता. २००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. पिळलेला जोड एवढा करंट रोज सोसताना तापतो, तापला की ढिला होतो, ढिला झाला की आणखी तापतो. हे सगळं चालू असताना एमसीबी पडत नाही, कारण त्याला मर्यादेबाहेरचा करंट दिसतो, जोडाची उष्णता दिसत नाही.

वायरमनने जळका भाग कापून स्क्रूचा कनेक्टर बसवला आणि गीझरसाठी डीबीपासून जाड वायरची वेगळी लाइन टाकायला सांगितली. खोली चालू झाल्यावर स्वस्त ट्रेसर पुन्हा बेडरूमच्या प्लगमध्ये लावला. रिसीव्हर आठव्या एमसीबीवर वाजला, आणि खटका खाली करताच ट्रान्समीटर विझला. मग झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून आठही लाइनींची नावं लिहिली, आणि इन्व्हर्टरवर चालणारे पॉइंट लाल शाईने.